भाडोत्री बदलला, पण मीटर तोच! लाईट, पाणी आणि गॅसचा हिशेब घर सोडताना असा करा

जून महिना उजाडला की सीमाभागातल्या शहरांत घरं बदलायची घाई सुरू होते. मुलांच्या शाळा, बदल्या, अकरा महिन्यांच्या करारांची मुदत, सगळं एकदमच येतं. टेम्पो दारात उभा असतो, सामान भरलेलं असतं आणि तेवढ्यात घरमालकीण विचारतात, "लाईट बिल भरलंय न्हवं?" भाडोत्री म्हणतो, "भरलंय की काकू, मागच्याच आठवड्यात." दोघंही खरंच बोलत असतात. तरी पंधरा दिवसांनी नव्या भाडोत्र्याच्या हातात बिल पडतं आणि भांडण सुरू होतं. कारण मागच्या आठवड्यात भरलेलं बिल हे त्याच्या आधीच्या महिन्याच्या वापराचं असतं. घर सोडेपर्यंत जळलेल्या विजेचं बिल अजून निघालेलंच नसतं.

हा घोळ टाळायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. वीज आणि पाण्याचं कनेक्शन घराचं असतं, गॅस सिलिंडरचं कनेक्शन माणसाचं असतं. माणूस गेला तरी मीटर आणि नळ भिंतीलाच राहतात, त्यामुळे तिथे फक्त हिशेब तोडायचा असतो. सिलिंडर मात्र माणसाबरोबर जायला हवा किंवा एजन्सीत परत जायला हवा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यात एक तिसरी गुंतागुंत आहे. मीटर घराचं, पण 'गृह ज्योती'ची सवलत भाडोत्र्याच्या आधारला जोडलेली. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी बिल नीट वाचा

कर्नाटकात हेस्कॉमचा माणूस दर महिन्याला दारात येऊन रीडिंग घेतो आणि तिथेच बिल छापून देतो. बिल कन्नडमध्ये असल्यामुळे आपल्याकडे अनेकजण फक्त शेवटचा आकडा बघतात आणि भरून मोकळे होतात. घर बदलताना मात्र चार गोष्टी बघाव्याच लागतात.

पहिली, आरआर नंबर आणि खाते क्रमांक. हे त्या मीटरचं नाव-गाव. एकाच वाड्यात तीन-चार मीटर असतील तर आपलं नेमकं कुठलं, हे बिलावरचा आणि मीटरवरचा क्रमांक जुळवूनच कळतं. दुसरी, मागचं आणि आजचं रीडिंग. कन्नडमध्ये 'हिंदिन' म्हणजे मागचं आणि 'इंदिन' म्हणजे आजचं. तिसरी, बाकी. हा शब्द कन्नडमध्येही बाकीच आहे आणि अर्थही तोच, मागची थकबाकी. चौथी, गृह ज्योती लागू असेल तर त्या कनेक्शनला मिळणारी पात्र युनिट्स.

नवा भाडोत्री असाल तर पैसे देण्याआधी मालकांकडून शेवटचं बिल मागून घ्या आणि बाकीच्या रकान्यात शून्य आहे का ते बघा. थकबाकी ही कनेक्शनवर चढते आणि वीज तोडायला माणूस आला तर 'ती माझी नव्हे' म्हणून भागत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण ती नोटीस कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने निघते. मालक परगावी असतील तर तुम्हाला पत्ताच लागत नाही.

किल्लीबरोबर रीडिंग

घर सोडायच्या दिवशी करायचं काम पाच मिनिटांचं आहे. मालक, जुना भाडोत्री आणि जमलं तर नवा, अशा सगळ्यांसमोर मीटरचा फोटो काढायचा. फोटोत मीटरचा क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसलं पाहिजे. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आळीपाळीने बदलतात. तारीख, वेळ, व्होल्टेज असं काहीबाही येत राहतं. त्यातला केडब्ल्यूएच (kWh) लिहिलेला आकडा तेवढा आपल्या कामाचा. मागच्या बिलावरच्या रीडिंगपेक्षा तो थोडाच जास्त असेल, त्यावरून बरोबर आकडा धरला की नाही हे ओळखता येतं. हा फोटो लगेच तिघांच्या व्हॉट्सॲपवर टाका. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते आणि नंतर कुणाला नाही म्हणता येत नाही.

आता एक हिशेब करून बघू. समजा टिळकवाडीतलं घर आहे. रीडिंग दर महिन्याच्या ७ तारखेला होतं. ७ जूनला रीडिंग ८४१२ होतं. जुना भाडोत्री २२ जूनला गेला, तेव्हा मीटरवर ८४७८ होते. त्याच दिवशी नवं कुटुंब आलं. ७ जुलैला बिल निघालं तेव्हा रीडिंग ८५५६.

म्हणजे जुन्याने १५ दिवसांत ६६ युनिट्स वापरली, नव्याने पुढच्या १५ दिवसांत ७८. एकूण १४४. सवलत नसती तर हिशेब सरळ होता. युनिटांचे पैसे ६६ आणि ७८ या प्रमाणात वाटायचे आणि स्थिर आकार दिवसांवर वाटायचा, म्हणजे इथे निम्मा-निम्मा. स्थिर आकार हा मंजूर भारावर, म्हणजे किलोवॅटवर लागतो. वापर कमी-जास्त झाला म्हणून तो बदलत नाही, त्यामुळे त्याला युनिटांचं प्रमाण लावू नये.

पण या घराला गृह ज्योती आहे आणि बिलावर पात्र युनिट्स १२० लिहिलेली आहेत. म्हणजे १४४ मधली १२० माफ, बिल आलं वरच्या २४ युनिटांचं. आता हे २४ कोणाचे? नवा म्हणतो, "१२० च्या पुढचा वापर माझ्या वेळचा असला तरी पहिली १२० त्यांनीच खाल्ली." जुना म्हणतो, "मी तर १२० च्या आतच होतो, मला कशाला बिल?" दोघांचंही चूक. सवलत महिन्याची आहे, तेव्हा तीही दिवसांवर वाटायची. १५ दिवसांना ६० युनिट्स याची, ६० त्याची. जुन्याने ६६ वापरली, म्हणजे ६ जास्त. नव्याने ७८ वापरली, म्हणजे १८ जास्त. ६ आणि १८ मिळून बरोबर २४. तेव्हा बिल जेवढं येईल त्यातला एक चतुर्थांश जुन्याने द्यायचा, तीन चतुर्थांश नव्याने. यात कुणाला बोलायला जागा राहत नाही.

मधल्या काळात घर रिकामं असेल, रंगकाम किंवा दुरुस्ती चालू असेल, तर ते दिवस आणि ती युनिट्स मालकांची. त्यासाठीच किल्ली घेताना एक आणि किल्ली देताना एक, असे दोन फोटो लागतात. यात एक धोका आहे. महिन्याचा एकूण वापर २०० युनिटांच्या वर गेला तर गृह ज्योतीची माफी त्या महिन्यापुरती पूर्ण जाते आणि सगळं बिल भरावं लागतं. रंगकामवाल्याचे मोठे दिवे, फरशीचं पॉलिश मशीन, टाकी धुवून पुन्हा पुन्हा लावलेला पंप यामुळे एखाद्या महिन्यात हे सहज होतं.

गृह ज्योती: आधार सुटलं का?

कर्नाटक सरकारची ही योजना २०२३ च्या ऑगस्टपासून बिलात दिसू लागली. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे २०२२-२३ मधली त्या कनेक्शनची महिन्याची सरासरी आणि त्यावर १० टक्के, एवढी युनिट्स माफ होती, कमाल मर्यादा २००. भाडोत्र्यांनाही ती मिळते. त्यासाठी भाडोत्र्याने आपलं आधार त्या घराच्या वीज खात्याला 'सेवा सिंधू'वर जोडायचं असतं. पण एका आधारवर एकच कनेक्शन. अडचण इथूनच सुरू होते.

जुना भाडोत्री गेला, पण त्याचं आधार त्याच खात्याला जोडलेलं राहिलं, तर दोघं अडकतात. त्याला नव्या घरात सवलत घेता येत नाही, कारण त्याचं आधार जुन्या घरात 'वापरात' दिसतं. नव्या भाडोत्र्यालाही आपलं आधार जोडता येत नाही, कारण खातं मोकळं नसतं. यावर उपाय म्हणून डी-लिंक, म्हणजे जोडणी तोडण्याची सोय सेवा सिंधूवर करून दिलेली आहे. ती स्वतः करता येते किंवा ग्राम वन, कर्नाटक वन, बेळगाव वन अशा केंद्रांवर जाऊन करून घेता येते.

यात महत्त्वाचं असं की, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. म्हणजे जुना भाडोत्री हुबळीला किंवा पुण्याला निघून गेल्यावर नव्याला स्वतःच्या बळावर काही करता येत नाही. म्हणून मालकांनी हे काम किल्ली परत घेतानाच समोर करून घ्यावं आणि मगच अनामत द्यावी. जुन्याचं डी-लिंक झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्याची नोंदणी करून टाकावी. मध्ये रीडिंगची तारीख आली तर तेवढं एक बिल सवलतीशिवाय येऊ शकतं. म्हणून शक्यतो रीडिंग होऊन गेल्यावर लगेचच्या दिवसांत हे उरकलेलं बरं. नव्या भाडोत्र्याला आधार, घराचा खाते क्रमांक आणि भाडेकरार जवळ ठेवावा लागेल.

काही मालक म्हणतात, "मीटर माझं, सवलत माझ्या आधारवर आहे, तुम्ही कशाला करताय?" मालकाचं आधार त्यांच्या स्वतःच्या राहत्या घराच्या मीटरला लागलेलं असेल, तर भाड्याच्या मीटरला ते लागूच शकत नाही. तिथे भाडोत्र्याचं आधार लागलं तरच माफी मिळेल. त्यामुळे मीटरच्या मालकीला काही धक्का लागत नाही.

हे पैसे भाडोत्र्याचे नव्हेत

वर्षातून एकदा लाईट बिलात जादा सुरक्षा ठेव मागितलेली असते. घराचा वापर वाढला की साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव कंपनीकडे असावी, असा हिशेब त्यामागे असतो. भाडोत्री हे पैसे बिल समजून भरून टाकतात. पण ही ठेव कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात जमा राहते, तिच्यावर व्याजही त्यालाच मिळतं आणि कनेक्शन बंद केल्यावर ती त्यालाच परत जाते. तेव्हा ती मालकांनी भरायची. भाडोत्र्याने भरली असेल तर भाड्यातून वळती करून घ्यावी किंवा घर सोडताना अनामतीबरोबर परत मागावी. त्यासाठी ते बिल आणि पावती जपून ठेवा.

मग भाडोत्र्याने कनेक्शन स्वतःच्या नावावर करावं का? अकरा महिन्यांसाठी त्याची गरज नसते. नाव बदलणं हे घर विकल्यावर किंवा वारसा लागल्यावर करायचं काम. पण मालक वीज देतच नसतील तर मात्र कायदा भाडोत्र्याच्या बाजूने आहे. वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक 'किंवा' तिथे राहणारा, दोघांनाही वीज मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

जुन्या थकबाकीबद्दल मात्र सावध राहा. मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने थकबाकी असलेल्या जागा विकत घेणाऱ्यांबाबत निकाल दिला. नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्याची बाकी भरल्याशिवाय वीज देणार नाही, असं कंपनी म्हणू शकते. म्हणून महिनोन्‌महिने बंद असलेलं घर घेताना 'मीटर काढून नेलंय, नवीन बसवून देतो' एवढ्यावर विसंबू नका. आधी जुनी बाकी किती ती विचारा.

पाणी: रीडिंगबरोबर गळतीही बघा

पाण्याचं बिलही कनेक्शनवर, मालकांच्या नावाने येतं. बेळगावच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आणि मीटर आहे. तिथे वीजेसारखाच फोटो काढून हिशेब करायचा. जिथे ठोक पाणीपट्टी आहे, तिथे ती महिन्यावर वाटायची आणि शेवटची पावती कुठल्या महिन्यापर्यंतची आहे ते बघायचं. पाणी बिल अनेक ठिकाणी उशिरा येतं, दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं. त्यामुळे बाकी नाही असं तोंडी ऐकून घेऊ नका.

पाण्यात नव्या भाडोत्र्याला फसवते ती गळती. घर ताब्यात घेताना सगळे नळ बंद करा, टाकी भरून वाहत नाही ना ते बघा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासाने परत बघा. काही न वापरता आकडा किंवा त्याची छोटी चकती फिरत असेल तर कुठेतरी पाणी चाललंय. बहुतेक वेळा संडासाच्या टाकीतला फ्लोट खराब असतो किंवा टाकीवरचा बॉल कॉक. तो त्याच दिवशी मालकांना दाखवा. नंतर सांगितलं तर 'तुमच्याच वापरातला आहे' असं उत्तर मिळतं.

गॅस: सिलिंडर मागे ठेवून जाऊ नका

आपल्याकडे अजून एक प्रकार सर्रास चालतो. जाणारा म्हणतो, "सिलिंडर राहू दे इथेच, मला डिपॉझिटचे पैसे द्या, माझ्याच पुस्तकावर घेत राहा." दोघांनाही सोयीचं वाटतं. पण एलपीजीचं कनेक्शन त्या ग्राहकाच्या नावावर आणि त्या पत्त्यावर दिलेलं असतं, ते परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. पुढे बुकिंगचा ओटीपी जुन्याच्या मोबाईलवर जातो, केवायसीला त्याचाच अंगठा किंवा चेहरा लागतो. आणि मोठं कारण म्हणजे विमा. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, पण घराचं नुकसान झालं तर भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच्या अपघातालाच मिळते. नोंद नसलेल्या घरात दुसऱ्याचा सिलिंडर पेटला तर मागायला तोंड राहत नाही.

बरोबर पद्धत दोन प्रकारची आहे. त्याच शहरात घर बदललं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्याबरोबर न्यायचे. एजन्सी तीच राहत असेल तर नवा पत्ता तेवढा नोंदवायचा. नवं घर दुसऱ्या एजन्सीच्या हद्दीत असेल तर जुनी एजन्सी बदलीचं पत्र देते, ते आता ऑनलाईनही होतं. दूरच्या गावाला, समजा बेळगावहून पुण्याला जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. त्यावर अनामत परत मिळते आणि नव्या गावी त्याच व्हाउचरवर कनेक्शन सुरू होतं. शेगडी आणि रबरी नळी तुमची, ती परत द्यायची नसते.

अनामतीचा आकडा बघून अनेकांना वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगतो. मूळ कनेक्शनच्या कागदावर जी रक्कम आहे तीच परत मिळते. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १४५० वरून २२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५०. म्हणजे त्याआधी १४५० भरून कनेक्शन घेतलेल्याला परत १४५० मिळतील आणि नव्या गावी २२०० भरावे लागतील. मूळ कागद हरवला असेल तर आधी एजन्सीत अर्ज करा, टेम्पो ठरवल्यावर नको. आणि सिलिंडर संपत आल्यावरच जमा करा, उरलेल्या गॅसचे पैसे कुणी देत नाही.

नव्या भाडोत्र्याचं कनेक्शन यायला वेळ लागणार असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकावर गॅस घेण्यापेक्षा तो बरा. पाईप गॅस असेल तर मात्र तो वीज-पाण्यासारखा, घराचा. तिथे मीटरचा फोटो काढायचा आणि शेवटचं बिल भरल्याची पावती घ्यायची.

कर्नाटकाबाहेर काय फरक?

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. गोव्यातही टप्पे आहेत. दोन कुटुंबांचा वापर एकाच बिलात आला की वरचा महाग टप्पा लागतो. तेव्हा 'वरच्या टप्प्यातली युनिट्स शेवटी आलेल्याची' असं करू नका. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर दोघांना लावा.

इंदूर-ग्वाल्हेरला महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तरच पहिल्या १०० युनिटांना सवलत आहे. त्यामुळे तिथेही बदलीच्या महिन्यात एकूण आकड्यावर नजर ठेवावी लागते. हैदराबादला तेलंगणाची गृह ज्योती रेशनकार्डाशी आणि घराच्या सर्व्हिस नंबरशी जोडलेली आहे, घर बदललं की नवा नंबर नोंदवून घ्यावा लागतो. वडोदऱ्यात बहुतेक घरांना दोन महिन्यांतून एकदा बिल येतं. तिथे फोटो काढला नाही तर वाद दोन महिन्यांच्या रकमेवर होतो.

निघण्याआधी शेवटचं

मोबाईलवरच्या पेमेंट ॲपमध्ये ऑटो-पे लावलेलं असेल तर ते जाणाऱ्याने आठवणीने बंद करावं. नाहीतर नव्याचं बिल महिनोन्‌महिने आपल्या खात्यातून जात राहतं आणि ते पैसे परत मागायला वीज कंपनीकडे जाता येत नाही. बिलाचा एसएमएस ज्या नंबरवर येतो तोही बदलून घ्यावा.

आणि मालकांनी शेवटच्या बिलासाठी सगळी अनामत अडकवून ठेवू नये. मागच्या तीन बिलांच्या सरासरीएवढी रक्कम बाजूला काढावी, बाकीची किल्ली घेतानाच द्यावी आणि बिल आल्यावर फोटोतल्या रीडिंगप्रमाणे हिशेब करून उरलेली परत करावी. एका कागदावर तारीख, वीज आणि पाण्याचं रीडिंग, राखून ठेवलेली रक्कम आणि दोघांच्या सह्या एवढं असलं की पुरे. तो कागद नव्या भाडोत्र्यालाही दाखवा, त्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.